एबीएस असूनही गाडी ट्रॉलीला धडकली. एबीएस चाललंच नाही का?

मृण्मयी_क

मे महिन्यात कऱ्हाडहून विट्याला जात होते. दुपारी वळवाची जोरदार सर येऊन गेली होती. ऊन पुन्हा पडलं होतं, पण रस्ता ओला होता. एका वळणातून बाहेर पडले आणि समोर शेणखताची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर रस्त्यातच उभा दिसला. माझा वेग ७० च्या आसपास होता. करकचून ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरायला लागलं, कोणी खालून हातोडी मारतंय असं वाटलं आणि पुढून गुर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं ब्रेकच तुटला, म्हणून दचकून पाय उचलला आणि लगेच पुन्हा दाबला. गाडी ट्रॉलीला मागून धडकली. बंपर, रेडिएटर, बॉनेट गेलं. एअरबॅग उघडल्या नाहीत. मला पट्ट्यामुळे खांद्याला मुका मार, बाकी काही नाही.

गाडी साडेतीन वर्षांची आहे, एबीएस आहे. विम्याचे सर्व्हेअर म्हणाले, "रस्त्यावर टायरच्या खुणा नाहीत, तुम्ही ब्रेक दाबलाच नसणार." गॅरेजमध्ये एकाने सांगितलं की सेन्सर खराब असणार. घरचे म्हणतात वेग जास्त होता. मला खरंच जाणून घ्यायचंय: एबीएस चाललं की नाही? आणि चाललं असेल तर गाडी थांबली का नाही?

रानवारा

मृण्मयीताई, तुम्ही सुखरूप आहात हे महत्त्वाचं. माझ्या मते एबीएस चाललं नाही. आम्ही गाडी घेतली तेव्हा सांगितलं होतं की एबीएसची गाडी साध्या गाडीच्या निम्म्या अंतरात थांबते. तुमची थांबली नाही, म्हणजे त्यात बिघाड होता. कंपनीला लेखी पत्र द्या.

अण्णा_एसटी

मी ३१ वर्षं एसटी चालवली. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबायचाच नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. दाबा, सोडा, दाबा, सोडा. चाक जाम झालं की गाडी आडवी जाते. या ताईंनी पाय उचलून पुन्हा दाबला ते बरोबरच केलं. उलट आणखी दोनदा करायला हवं होतं.

वाऱ्यावर_स्वार

ताई, तुमचं सिंगल चॅनल होतं की ड्युअल? माझ्या १५० सीसीला फक्त पुढच्या चाकाला एबीएस आहे. मी मागच्या पावसाळ्यात आंबा घाटात वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी अंगाखालून निघून गेली. तेव्हापासून माझा या एबीएसवर विश्वासच नाही.

मृण्मयी_क

@वाऱ्यावर_स्वार, माझी चारचाकी आहे हो. पण तुमचा प्रश्नही कोणीतरी सोडवावा, कारण माझा भाऊ तशीच दुचाकी चालवतो.

चाकोरी

ब्रेकच्या चाचण्यांमध्ये माझी बारा वर्षं गेली. त्यातला बराच काळ इंदूरजवळच्या नॅट्रॅक्स मैदानावर, पाणी सोडलेल्या गुळगुळीत पट्ट्यांवर गाड्या थांबवण्यात. त्यामुळे मला माहीत आहे तेवढं सांगतो.

मृण्मयीताई, पेडल थरथरलं आणि गुर्रर्र आवाज आला, म्हणजे एबीएस चालत होतं. असा धक्का पायाला बसला की समजायचं, यंत्र कामाला लागलं. आत काय घडतं ते बघा. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते सतत कळवतो. गाडी कितीही चांगली असली तरी रस्त्यावर तिचा वेग एका मर्यादेपलीकडे झपाट्याने उतरू शकत नाही. पण एखादं चाक त्याहून झपाट्याने मंदावू लागलं, तर ते जाम होण्याच्या बेतात आहे हे कंट्रोलरला कळतं. मग तो त्या चाकाकडे जाणारी ब्रेक ऑइलची वाट बंद करतो. तुम्ही कितीही जोर लावा, त्या चाकाला जास्तीचा दाब मिळत नाही. तरीही चाक मंदावत राहिलं तर दुसरी झडप उघडून थोडं ऑइल बाहेर काढलं जातं. चाकाला दम मिळतो, ते पुन्हा फिरू लागतं, की लगेच दाब परत चढवला जातो. सेकंदाला दहाएक वेळा हे चालतं, आणि ज्या चाकाला गरज आहे त्याच चाकाला. बाहेर काढलेलं ऑइल एक छोटी मोटर ढकलून परत पेडलच्या बाजूला पाठवते. तुमच्या पायाला जाणवली ती हातोडी म्हणजे हे परत आलेलं ऑइल. आवाज त्या मोटरचा आणि झडपांचा.

@रानवारा, निम्म्या अंतराचा दावा चुकीचा आहे. एबीएसचं मूळ काम अंतर कमी करणं नाही, चाक फिरतं ठेवणं आहे. जाम झालेल्या चाकाला दिशा नसते. गोटा गुळगुळीत उतारावर सोडला तर जसा घसरत जाईल तसा टायर घासत जातो, मग स्टिअरिंग डावीकडे वळवा नाहीतर उजवीकडे, गाडी सरळच जाते. चाक थोडं घसरत पण फिरत असेल तर स्टिअरिंगचं ऐकतं. ओल्या डांबरावर याने अंतरही थोडं कमी होतं हे खरं, कारण थोडं घसरणाऱ्या टायरची पकड पूर्ण घासत जाणाऱ्या टायरपेक्षा चांगली असते. पण तो बोनस. कोरड्या डांबरावर तर फरक फारच थोडा दिसतो.

अण्णा_एसटी

म्हणजे मी जे ३१ वर्षं केलं ते चुकीचं?

चाकोरी

अजिबात नाही, अण्णा. तुम्ही पायाने जे करत होतात तेच हे यंत्र करतं. साध्या ब्रेकच्या गाडीत तुमचीच पद्धत बरोबर होती आणि अजूनही बरोबर आहे. पण तुमच्या पायाला एकच पेडल होतं. पाय उचलला की सगळ्या चाकांचा ब्रेक एकदम सुटायचा, ज्या चाकाला पकड होती त्याचाही. यंत्र फक्त घसरणाऱ्या चाकाचा दाब काढतं, आणि तोही क्षणाच्या काही भागापुरता. एबीएसच्या गाडीत आपण वरून पाय उचलला तर त्या यंत्राचं काम आपणच बंद पाडतो. म्हणून अशा गाडीत पेडल दाबून धरायचं, थरथरलं तरी, आणि पूर्ण थांबेपर्यंत सोडायचं नाही.

मृण्मयी_क

मग मी पाय उचलला म्हणून धडकले? खरं सांगा, वाईट वाटलं तरी चालेल. ट्रॅक्टर दिसला तेव्हा अंतर किती होतं ते मी नंतर भावाबरोबर जाऊन पावलांनी मोजलं. वळणावरच्या लिंबाच्या झाडापासून साधारण ६० मीटर.

चाकोरी

अंतर मोजलंत हे फार चांगलं केलंत, आता हिशोब करता येईल. सगळे आकडे अंदाजी आहेत हे धरून चालू.

७० च्या वेगाला गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. ट्रॅक्टर दिसणं, तो उभा आहे हे कळणं, पाय ब्रेकवर जाणं, यात एक सेकंद धरतो. अनपेक्षित प्रसंगात बऱ्याच लोकांना याहून जास्त लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच तुमचे १९ मीटर गेले. उरले ४१.

ओल्या डांबरावर बऱ्या टायरने वेग दर सेकंदाला साधारण १७ ते १८ किलोमीटरने उतरतो. त्या हिशोबाने ७० वरून थांबायला साडेअडतीस मीटर लागतात. म्हणजे पाय दाबलेला ठेवला असता तर ट्रॉलीच्या दोनेक मीटर अलीकडे थांबला असतात. काठावर.

आता तुम्ही पाय उचललात. समजा वेग ५० वर आला असताना, आणि उचलून पुन्हा दाबेपर्यंत अर्धा सेकंद गेला. अर्ध्या सेकंदात ५० च्या वेगाने सात मीटर जातात, आणि त्या सात मीटरांत वेग जवळपास उतरतच नाही. शिल्लक होते दोन, गेले सात. पाच मीटर कमी पडले. ते पाच मीटर गाडीला अजून हवे होते, म्हणजे ट्रॉलीपाशी तिचा वेग अजून २५ च्या आसपास होता. तुमचं नुकसान, खांद्याचा मार आणि न उघडलेल्या एअरबॅग या वेगाशी जुळतात.

आता दुसरी बाजू. हेच सगळं ८० च्या वेगाने झालं असतं, पाय एकदाही उचलला नसता आणि एबीएसने आपलं काम अचूक केलं असतं, तर? दिसण्यापासून थांबण्यापर्यंत बहात्तर-त्र्याहत्तर मीटर लागले असते. म्हणजे ६० मीटरवरच्या ट्रॉलीवर गाडी जवळजवळ ४० च्या वेगाने आदळली असती. आणि ६० ने असतात तर ४५ मीटरमध्ये थांबून पंधरा मीटर शिल्लक राहिले असते. घरचे म्हणतात ते याच अर्थाने बरोबर आहे. टायर आणि रस्ता यांच्यात जी पकड आहे तिच्यापेक्षा जास्त एबीएस कुठून आणणार? आहे ती नीट वापरतं, इतकंच.

शंकासुर

म्हणजे वेगच मुख्य. मग एवढा खर्च करून एबीएस कशाला सक्तीचं केलं? म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक प्रयोग झाला होता. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. काही वर्षं नोंदी ठेवल्या, तर अपघातांची संख्या साधारण सारखीच निघाली. एबीएसवाले चालक जास्त बेधडक चालवत होते म्हणे.

चाकोरी

तो प्रयोग खरा आहे आणि मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, बऱ्याच वर्षांच्या नोंदी चाळून २००९ मध्ये जे काढलं तेही त्याच्या जवळ जातं. जीवघेण्या अपघातांत निव्वळ फरक जवळपास शून्य, पण जीव न जाणाऱ्या अपघातांत कारच्या बाबतीत सहा टक्क्यांच्या आसपास घट. एक गोष्ट त्यात खटकणारी होती. एबीएस असलेल्या गाड्या रस्ता सोडून बाहेर जाण्याचे अपघात वाढलेले दिसत होते. एक तर्क असा की लोक घाबरून ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जोरात वापरतात. पूर्वी चाक जाम असल्याने स्टिअरिंगचा परिणामच व्हायचा नाही, आता होतो, आणि गाडी थेट खड्ड्यात. हा तर्क सगळ्यांना मान्य नाही.

म्हणून एबीएस निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. स्थैर्य राखणारी जी पुढची यंत्रणा आहे, घसरत्या गाडीला एकेका चाकाचा ब्रेक लावून सरळ करणारी, ती याच सेन्सरांवर आणि झडपांवर उभी आहे. तिचा फायदा मात्र जीवघेण्या अपघातांतही स्पष्ट दिसतो.

गॅरेज_सातारा

सेन्सरबद्दल मी बोलते. आमचं गॅरेज आहे, वडिलांनंतर मी बघते. मृण्मयीताई, सेन्सर खराब असेल तर बहुतेक वेळा तो आधी इशारा देतो. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि काही सेकंदांत जातो. तो राहिला, तर एबीएस बंद पडलंय, साधे ब्रेक चालू आहेत. त्याच्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी चालवू नका, कारण मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा हे सांभाळणारा भागही गेलेला असू शकतो आणि मग मागचं चाक आधी जाम होऊन गाडी फिरते.

दुसरी खूण. अगदी हळू, सिग्नलला थांबताना, कोरड्या रस्त्यावर, शेवटच्या पाच-दहा किलोमीटरच्या वेगाला पेडल थरथरत असेल, तर सेन्सर किंवा त्याच्यासमोरची चकती संशयास्पद. कमी वेगाला सेन्सरचा इशारा तुटतो, कंट्रोलरला वाटतं चाक थांबलं, आणि तो विनाकारण दाब काढतो. चकतीला गंज चढला किंवा तडा गेला की असं होतं. हल्ली काही गाड्यांत चकतीऐवजी चाकाच्या बेअरिंगच्या कडेलाच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. अशी गाडी आमच्याकडे दुसरीकडून काम करून आली होती, मालक दोन महिने दिवा लावून फिरत होते.

अपघाताच्या आधी यातलं काही जाणवलं होतं का?

मृण्मयी_क

नाही. दिवा नेहमी विझायचा. हळू थांबताना कधी थरथर नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच झालं, म्हणून तर घाबरले.

गॅरेज_सातारा

मग सेन्सरचा संशय माझ्या मनातून बराच कमी झाला. तरी गाडी स्कॅन करून घ्या, बिघाडाचे जुने कोड साठलेले असतील तर दिसतील. आणि पुढच्या टायरची नक्षी बघा. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला.

उत्तरवारा

मी कॅलगरीत राहतो. इथे हिवाळ्यात सगळे शिकतात की ताज्या भुसभुशीत बर्फावर एबीएसने अंतर वाढतं. जाम झालेलं चाक स्वतःपुढे बर्फाचा ढीग गोळा करतं आणि तो ढीगच गाडीला अडवतो. फिरणारं चाक त्या ढिगावरून चढून जातं. आमच्या नाक्यावर सरकत सरकत चौकात गेलेल्या गाड्या दर वर्षी बघतो. आपल्याकडे अर्थात हा प्रश्न नाही.

अण्णा_एसटी

कसा नाही? आमच्या गावचा मुरमाचा रस्ता बघा. मुलाच्या नव्या गाडीने मी त्यावर ब्रेक दाबला, पेडल खडखड वाजतंय आणि गाडी आपली चाललीय पुढे. जुन्या जीपने चाक जाम केलं की मुरमात रुतून जागच्या जागी थांबायची. मुलगा म्हणे "बाबा, तुम्हाला नवीन गाडी कळत नाही."

चाकोरी

अण्णा, मुलाला सांगा, तुम्ही बरोबर होतात. बर्फाचं आणि मुरमाचं तत्त्व एकच. एनएचटीएसएने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सुट्या खडीवर एबीएसने थांबायचं अंतर सरासरी सत्तावीस टक्क्यांनी वाढलं होतं. बाकी बहुतेक पृष्ठभागांवर कमी झालं, खडीवर मात्र वाढलं. याची भरपाई एकच, गाडी वळवता येते.

आणि हे मृण्मयीताईंच्या प्रसंगाशीही जोडलेलं आहे. ताई, ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला जागा होती का?

मृण्मयी_क

होती. साइडपट्टी, मुरमाची, ओली. पुढे थोडा उतार आणि ओढा. उजवीकडून ट्रक येत होता. मी स्टिअरिंग फिरवलंच नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

रानवारा

मग डावीकडे घ्यायची होती ना. चाकोरी म्हणालेच, ब्रेक दाबूनही गाडी वळते.

चाकोरी

वळते, पण फुकट वळत नाही. टायरची पकड म्हणजे एका थाळीतलं जेवण समजा. ब्रेक आणि वळण दोघांनाही त्यातूनच वाटा घ्यायचा. ब्रेकने बहुतेक थाळी संपवली असेल तर वळायला थोडं उरतं. जोरात वळवलंत तर ब्रेकचा वाटा कमी होऊन अंतर वाढतं. म्हणून अशा वेळी हलकेच आणि थोडंच वळवायचं.

त्यात साइडपट्टी. डावी चाकं ओल्या मुरमावर, उजवी डांबरावर. उजव्या चाकांना पकड जास्त, म्हणून गाडी उजवीकडे ओढली जाते, म्हणजे थेट त्या ट्रकच्या दिशेने. एबीएस इथे एक शहाणपणा करतं. डांबरावरच्या पुढच्या चाकाचा दाब एकदम न वाढवता हळूहळू वाढवतं, म्हणजे चालकाला स्टिअरिंग सावरायला क्षणभर वेळ मिळतो. पण त्यामुळे अंतर वाढतं, आणि सावरायचं काम शेवटी चालकाच्याच हातांचं. मैदानावर आम्ही हीच चाचणी करतो, एका बाजूला ओल्या गुळगुळीत फरशा आणि दुसऱ्या बाजूला डांबर. पहिल्यांदा बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस उशिरा सावरतो. चाचणी आहे हे त्याला आधी माहीत असूनही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ६० मीटर, ओढा, ट्रक. मला वाटतं मी सरळ दाबून धरलं असतं.

अण्णा_एसटी

मी साइडपट्टीवर घेतली असती. ट्रॉलीला धडकण्यापेक्षा ओढ्याकाठी थांबलेलं बरं. पण मी आधी ब्रेक हलका सोडून मग वळवलं असतं, दोन्ही एकदम नाही.

चाकोरी

अण्णांचा अनुभव मोठा आहे, पण इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. ७० ला ब्रेक सोडून मुरमात उतरलेली गाडी ओढ्याआधी थांबली असती असं मला वाटत नाही.

वाऱ्यावर_स्वार

माझं राहिलं.

चाकोरी

खरंय, माफ करा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, पण एकाच चाकाला असलं तरी चालतं. तुमच्या गाडीचं मागचं चाक साध्या गाडीसारखंच जाम होऊ शकतं. तेव्हा तुम्ही मागचा ब्रेक जास्त दाबला होता का?

वाऱ्यावर_स्वार

पायाचा पूर्ण दाबला होता. हाताचा किती ते आठवत नाही. रस्त्यावर शेवाळ होतं आणि गाडी डावीकडे कललेली होती.

चाकोरी

मग मागचं चाक जाम होऊन बाजूला निघालं, ही शक्यता मोठी. पण ड्युअल असतं तरी वाचला असतात असं मी म्हणणार नाही. कललेल्या दुचाकीची थाळी वळणानेच जवळजवळ संपवलेली असते. साधं एबीएस चाक किती फिरतंय एवढंच बघतं, गाडी किती कललीय हे त्याला कळत नाही. कल ओळखणारं एबीएस महागड्या गाड्यांत मिळतं, आणि शेवाळापुढे त्याचंही फारसं चालत नाही. मृण्मयीताई, भावाला एवढं सांगा की वळणात शिरायच्या आधी, गाडी उभी असतानाच वेग उतरव. सरळ रस्त्यावर समोर कुत्रं आलं तर मात्र त्याचं ते पुढच्या चाकाचं एबीएस खरोखर उपयोगी पडेल, कारण पुढचं चाक जाम झालं की दुचाकीस्वार पडलाच.

शंकासुर

सर्व्हेअरच्या म्हणण्याचं काय? खुणा नाहीत म्हणजे ब्रेक दाबला नाही, हे मला तरी तर्काला धरून वाटतं.

गॅरेज_सातारा

ते जुन्या गाड्यांचं गणित आहे. काळी लांब रेघ उमटते ती जाम झालेल्या चाकाची. एबीएसने चाक फिरतं राहतं, मग रेघ उमटत नाही, किंवा कोरड्या रस्त्यावर अगदी फिकट, तुटक उमटते. अगदी शेवटी, चालण्याच्या वेगाला एबीएस सोडून देतं, तेव्हा वीतभर खूण दिसू शकते. ओल्या रस्त्यावर तर तीही नाही. म्हणून खुणा नसणं हा ब्रेक न दाबल्याचा पुरावा होऊ शकत नाही. ताई, हे लेखी द्या, आणि गाडीला एबीएस आहे हे अर्जात लिहा.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळवते.

गाडी दुरुस्त होऊन आली. स्कॅनमध्ये एबीएसचा एकही जुना कोड निघाला नाही. पण पुढच्या दोन्ही टायरची नक्षी त्या उंचवट्यांना टेकलेली होती. मला माहीतच नव्हतं. नवीन टायर घातले.

काल पहाटे भावाबरोबर एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गेले. पाऊस पडून गेला होता, मागेपुढे कोणी नव्हतं. ४० च्या वेगाला पूर्ण जोराने ब्रेक दाबला. पहिल्यांदा थरथर सुरू होताच पाय आपोआप उचलला गेला, मला माहीत असूनही. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दाबून धरला आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे नेलं. गाडी वळली आणि थांबली.

चाकोरी

टायरचं कळलं ते महत्त्वाचं. मग माझा आधीचा हिशोब तुमच्या बाजूने जरा उदार होता. झिजलेल्या टायरने ओल्या रस्त्यावर तुम्हाला साडेअडतीसपेक्षा जास्त मीटर लागले असते. पाय न उचलताही दोन मीटर आधी थांबला असतात, हे मी आता ठामपणे म्हणणार नाही. कदाचित धडकला असतात, कमी वेगाने. पाय उचलण्याचा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मृण्मयी_क

सर्व्हेअरना पत्र दिलंय, गॅरेज_सातारा यांनी सांगितलं तसंच लिहिलं. उत्तर आलं की इथे कळवेन.